वेधशाळेला पाठवायचं पत्र

‘मी अमुक कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकते. विज्ञान प्रकल्पासाठी मला मुंबईच्या हवामानाची जुनी माहिती हवी आहे. कृपया लवकरात लवकर पाठवावी, ही विनंती.’

असं पत्र नम्र असतं, शुद्धही असतं, आणि तरीही त्याला उत्तर देता येत नाही. ज्या टेबलावर ते जाऊन पडतं, तिथल्या माणसाला त्यातून एकही फाइल उघडता येत नाही. मुंबई म्हणजे कुलाबा की सांताक्रूझ? हवामान म्हणजे पाऊस, तापमान, आर्द्रता की वारा? जुनी म्हणजे किती जुनी? रोजची की दर तासाची? मग तिकडून चार प्रश्न येतात, त्यांना उत्तरं द्यायची, पुन्हा वाट पाहायची. तोवर सेमिस्टर संपलेलं असतं.

या जुन्या नोंदी राहतात पुण्यात. शिवाजीनगरला ज्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ती भारतीय हवामान विभागाची वास्तू. विभागाची स्थापना १८७५ची. त्याचं मुख्यालय आधी कोलकात्यात होतं, मग सिमल्यात गेलं, १९२८मध्ये पुण्यात आलं आणि पुढे १९४४ साली दिल्लीला हललं. सिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून सिमला ऑफिस. मुख्यालय गेलं तरी नोंदींचा साठा पुण्यातच राहिला. १९७७मध्ये नॅशनल डेटा सेंटर उभं राहिलं आणि देशभरातल्या वेधशाळांच्या नोंदी तपासून जपायचं काम त्याच्याकडे आलं. निरीक्षकानं पेनानं भरलेलं पॉकेट रजिस्टर, त्यावरून तयार झालेलं महिन्याचं रजिस्टर, मधल्या काळातली पंच कार्डं आणि आता संगणकातल्या फाइली, असा या आकड्यांचा प्रवास आहे. विद्यार्थ्याचं पत्र याच साठ्याच्या दारात येतं. आता ते बहुधा कागदावर येत नाही. `dsp.imdpune.gov.in` या पोर्टलवर नाव नोंदवून अर्ज भरायचा आणि पत्र त्याला जोडायचं, असा रिवाज आहे. पण मागणी नेमकी मांडण्याचं काम पत्रालाच करावं लागतं.

एक प्रकल्प धरून चालू. मुंबईतल्या एका कॉलेजात भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न असा: मुंबईत फार मोठ्या पावसाचे दिवस वाढलेत का? बातम्यांत रोज ऐकायला मिळणारा हा प्रश्न चांगला आहे, पण या रूपात तो कुठल्याही फाइलमध्ये नाही. त्याला आधी आकड्यांच्या भाषेत बसवावं लागतं.

‘फार मोठा पाऊस’ म्हणजे किती, हे हवामान विभागानं ठरवून ठेवलं आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि २०४.४च्या वर अत्यंत मुसळधार. म्हणजे प्रश्न असा झाला: सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन केंद्रांवर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, २०४.४ मिलिमीटर ओलांडणारे दिवस १९७१ ते १९९५ या पंचवीस वर्षांत किती आणि १९९६ ते २०२० या पंचवीस वर्षांत किती? इतकं ठरलं की पत्र आपोआप लिहिलं जातं. केंद्र कोणतं, घटक कोणता, कालावधी कोणता, नोंद रोजची की तासाची, ही चारही उत्तरं प्रश्नातच आली.

दोन केंद्रं कशाला, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर २६ जुलै २००५ या तारखेत आहे. त्या प्रलयाच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही केंद्रांत अंतर जेमतेम २४ किलोमीटर. मिठीच्या काठी घरं बुडत होती तेव्हा दक्षिण मुंबईत, त्या शहराच्या मानानं, साधा पावसाळी दिवस होता. ‘मुंबईचा पाऊस’ असा एकच आकडा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता.

इथेच आणखी एक गोष्ट कळते. हवामान विभागाच्या पुण्याच्या संकेतस्थळावर १९०१पासूनचा रोजचा पाऊस कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. मग पत्र लिहायचंच कशाला? तर हा फुकटचा पाऊस चौकटींचा आहे. देशाच्या नकाशावर पाव अंश बाय पाव अंश, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूच्या चौकटी आखून, आसपासच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींना अंतराप्रमाणे कमीजास्त महत्त्व देत प्रत्येक चौकटीसाठी एक आकडा काढलेला असतो. कोकणाचा किंवा मराठवाड्याचा पन्नास वर्षांचा कल पाहायचा तर ही माहिती उत्तम, आणि तिच्यासाठी कुणाला पत्र लिहायची गरज नाही. पण कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यामधलं अंतरच एका चौकटीएवढं आहे. ९४४ आणि ७३ यांच्यातली दरी अशा चौकटीत बुजून जाते. आपल्या विद्यार्थिनीला नेमकी तीच दरी पाहायची आहे, म्हणून तिला केंद्राच्या मूळ नोंदी हव्यात. प्रकल्पाला चौकट पुरेल की केंद्र लागेल, हे पत्र लिहिण्याआधीच ठरवायला हवं. अनेकांचे महिने केवळ हे न ठरवल्यामुळे वाया जातात.

तर तिचं पत्र साधारण असं व्हावं:

‘प्रति, प्रमुख, नॅशनल डेटा सेंटर, भारतीय हवामान विभाग, शिवाजीनगर, पुणे.

विषय: सांताक्रूझ आणि कुलाबा येथील दैनंदिन पावसाच्या नोंदी, १९७१ ते २०२०.

महोदय, मी बी.ए. भूगोलाच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून “मुंबईतील अत्यंत मुसळधार पावसाचे दिवस” या विषयावर प्रकल्प करत आहे. त्यासाठी मला पुढील माहिती हवी आहे. केंद्रे: मुंबई-सांताक्रूझ (४३००३) आणि मुंबई-कुलाबा (४३०५७). घटक: सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. कालावधी: १९७१ ते २०२०, दरवर्षी १ जून ते ३० सप्टेंबर. स्वरूप: एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल. ज्या दिवसांची नोंद उपलब्ध नाही ते दिवस वगळू नयेत. त्यांच्यापुढे तशी खूण असावी. या काळात पर्जन्यमापकाची जागा किंवा प्रकार बदलला असल्यास त्याची तारीख कळवावी, ही विनंती. माहिती फक्त या प्रकल्पासाठी वापरली जाईल आणि इतर कुणालाही दिली जाणार नाही. प्रकल्पात विभागाचा उल्लेख केला जाईल. सोबत प्राचार्यांच्या सहीचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि मार्गदर्शकांचे पत्र जोडले आहे.’

प्रत्यक्षात हे पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत गेलं तर सोयीचं, कारण कार्यालय केंद्र सरकारचं आहे. त्यातले पाचसहा अंक आणि दोन तारखा मात्र कुठल्याही भाषेत तशाच राहतात. ४३००३ आणि ४३०५७ हे त्या केंद्रांचे जागतिक क्रमांक आहेत. नावांत घोळ होऊ शकतो, क्रमांकात होत नाही.

पत्रातल्या हमीच्या वाक्याकडे विद्यार्थी फारसं लक्ष देत नाहीत. मिळालेली माहिती जाहीर केलेल्या कामासाठीच वापरायची आणि पुढे कुणाला द्यायची नाही, असं लेखी द्यावं लागतं. प्रकल्प चौघांचा असेल तर पत्रात चौघांची नावं हवीत. एकीनं मागवायचं आणि फाइल वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची, हे त्या हमीत बसत नाही. शुल्काचे आणि विद्यार्थ्यांच्या सवलतीचे नियम बदलत असतात, म्हणून पोर्टलवरचा चालू तक्ता पाहूनच अर्ज भरावा. मागणी जितकी आटोपशीर, तितकं काम सोपं. पन्नास वर्षांचे बारा महिने, सगळे घटक, दर तीन तासांनी, असं ‘असू दे, लागलं तर’ म्हणून मागवलं, तर विद्यार्थिनीलाच ते चाळता येत नाही.

आता फाइल आली असं समजू. खरी परीक्षा इथे सुरू होते, कारण वेधशाळेचा दिवस आणि आपल्या कॅलेंडरचा दिवस वेगळे असतात.

पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. जगभरच्या वेधशाळा ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे एकाच क्षणी निरीक्षण घेतात. ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात. निरीक्षक पर्जन्यमापकाची बाटली काढतो, पाणी काचेच्या मापात ओततो आणि आकडा त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहितो. पण ते पाणी काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेलं असतं. म्हणजे त्यातला बराचसा पाऊस कालचा.

सव्वीस जुलैचा तो पाऊस दिवसा पडला. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच सांताक्रूझला १९० मिलिमीटर मोजला गेला. पण फाइलमध्ये ९४४ हा आकडा २६ जुलैपुढे शोधला तर सापडणार नाही. तो २७ जुलै २००५ या तारखेपुढे असतो, कारण त्या सकाळी साडेआठला ते चोवीस तास संपले. ज्याला हे माहीत नाही तो एक तर फाइल चुकीची आहे असं समजतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपल्या हातानं आकडा एक ओळ वर सरकवतो. मग पावसाच्या तारखा वर्तमानपत्रातल्या पुराच्या बातम्यांशी, लोकल बंद पडल्याच्या तारखांशी किंवा भरतीच्या वेळांशी लावून पाहिल्या की सगळं एक दिवसानं हुकतं.

याच गोष्टीचा उपयोग मात्र फाइल तपासायला होतो. नवी फाइल हातात आली की आधी तीन जाहीर आकडे शोधावेत. सांताक्रूझला २७ जुलै २००५पुढे सुमारे ९४४ आहे का? तिथेच २ जुलै २०१९पुढे ३७५ आहे का? कुलाब्याला ५ जुलै १९७४पुढे ५७५ हा आकडा दिसतो का? तिन्ही जागच्या जागी असतील तर तारखा शाबूत आहेत. एखादा आकडा दिवसभर पुढेमागे सरकलेला दिसला, तर फाइल उघडताना किंवा जोडताना काहीतरी बिघडलं आहे.

साडेआठच्या रेषेमुळे आणखी एक अडचण येते, आणि ती या प्रकल्पाच्या थेट मुळाशी आहे. समजा, पहाटे चारला सुरू झालेला पाऊस दुपारी एकला थांबला आणि एकूण २४० मिलिमीटर पडला. त्यातला निम्मा साडेआठच्या आधी आणि निम्मा नंतर पडला, तर फाइलमध्ये लागोपाठच्या दोन दिवसांपुढे १२० आणि १२० दिसतात. लोकांच्या दृष्टीनं तो एकच भयंकर पाऊस होता, पण मोजणीत ‘अत्यंत मुसळधार’ दिवस शून्य आणि ‘अतिमुसळधार’ दोन. हाच पाऊस सकाळी नऊला सुरू झाला असता तर एक अत्यंत मुसळधार दिवस मिळाला असता. यावर पक्का उपाय नाही, कारण रोजच्या नोंदीत वेळ लपलेली असते. पण लागोपाठच्या दोन दिवसांची बेरीज वेगळ्या रकान्यात करून तीही मोजली, तर असे दुभंगलेले पाऊस निदान नजरेला येतात. दोन्ही मोजण्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो.

आता रिकाम्या जागा. जून ते सप्टेंबरचे दिवस १२२. पन्नास वर्षांचे ६,१०० होतात. एका केंद्राच्या फाइलमध्ये इतक्या ओळी हव्यात, आणि प्रत्येक ओळीत आकडा असेलच असं नाही. कधी नोंद झालेली नसते, कधी तपासणीत संशयास्पद ठरून ती बाजूला काढलेली असते. पाऊस पडला नाही म्हणून लिहिलेलं शून्य आणि नोंदच नाही म्हणून सोडलेली जागा, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागी सरसकट शून्य भरलं, की ज्या आठवड्यात धो धो कोसळत होतं तो आठवडा कागदावर कोरडा होतो. काही फाइलींत हरवलेल्या दिवसासाठी -९९९ सारखा खुणेचा अंक असतो. तो तसाच ठेवून बेरीज केली तर महिन्याचा पाऊस उणे येतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते, शून्याची चूक भरत नाही. खुणेचे अंक पुसून त्या जागा खरोखर रिकाम्या केल्यावर, आणि पावसाचा रकाना सी असेल तर, एक्सेलमध्ये ही तीन सूत्रं पुरतात:

```
=COUNT(C2:C6101)
=COUNTIF(C2:C6101,">=115.6")
=COUNTIF(C2:C6101,">204.4")
```

पहिलं सूत्र खरोखर किती दिवसांचे आकडे आहेत ते सांगतं. ६,१००पेक्षा जितकं कमी, तितके दिवस गायब. उरलेली दोन मोठ्या पावसाचे दिवस मोजतात. दुसऱ्यात अत्यंत मुसळधार दिवसही येतात, हे विसरू नये. हेच प्रत्येक वर्षासाठी वेगळं केलं की गायब दिवस कुठल्या वर्षांत साचलेत ते उघड होतं. समजा एका वर्षी जुलैचे वीस दिवस नाहीत. त्या वर्षी मोठ्या पावसाचा एकच दिवस सापडला, तर तो ‘एकच पडला’ म्हणून की ‘एकच लिहिला गेला’ म्हणून, हे सांगता येणार नाही. अशी वर्षं मोजणीतून बाहेर ठेवावीत. मर्यादा कुठे आखायची ते विद्यार्थिनीनं आधी ठरवावं, उदाहरणार्थ हंगामाचे बारापेक्षा जास्त दिवस नसले तर ते वर्ष बाद. आणि ती मर्यादा प्रकल्पात स्पष्ट लिहावी. निकाल पाहून मर्यादा बदलणं म्हणजे फसवणूक.

पत्रातल्या ज्या एका ओळीला बहुतेक विद्यार्थी विसरतात, ती म्हणजे पर्जन्यमापकाची जागा किंवा प्रकार बदलल्याची चौकशी. मापकाच्या शेजारी झाड वाढलं, भिंत उभी राहिली, मापक काही मीटर हलवलं, हातानं मोजण्याऐवजी स्वयंचलित यंत्र आलं, की आकडे बदलतात आणि पाऊस मात्र तोच असतो. शिवाय पाऊस अफाट असला तर माणसालाही मोजणं अवघड जातं. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस मिलिलिटर पाणी. ९४४ मिलिमीटरचं जवळजवळ एकोणीस लिटर होतं. इतकं पाणी एका बाटलीत मावत नाही, म्हणून ते अधूनमधून मोजून बेरीज करावी लागते. भर पावसात, रात्री-अपरात्री हे करणाऱ्या निरीक्षकामुळेच आपल्याकडे तो आकडा आहे. आलेखात एखाद्या वर्षापासून सगळे दिवस अचानक खाली किंवा वर सरकलेले दिसले, तर हवामान बदललं असं म्हणण्याआधी मापक हललं होतं का ते पाहायचं. केंद्राचा इतिहास विचारलेला असला, तरच ते पाहता येतं.

हे सगळं नीट झाल्यावरही उत्तराची मर्यादा उरते. २०४.४ मिलिमीटर ओलांडणारे दिवस मुळातच विरळ. सांताक्रूझचा हंगामी पाऊस सर्वसाधारणपणे बावीस-तेवीसशे मिलिमीटरच्या घरात असतो, म्हणजे असा एक दिवस हंगामाचा जवळपास अकरावा हिस्सा एकट्यानं देतो. इतक्या विरळ घटनांची पंचवीस वर्षांची मोजदाद दोन-चारनं कमीजास्त होणं योगायोगानंही घडतं. म्हणून ११५.६चा खालचा उंबरठाही मोजायचा, कारण त्यावर दिवस जास्त सापडतात आणि कल असलाच तर अधिक ठळक दिसतो. आणि दोन केंद्रांवरून संपूर्ण मुंबईबद्दल बोलायचं नाही. बोरिवली, भांडुप किंवा ठाण्याला काय झालं, ते या ६,१०० ओळींच्या दोन फाइलींना माहीत नाही. ‘सांताक्रूझ आणि कुलाबा येथे’ एवढंच शीर्षकात लिहिलेला प्रकल्प ‘मुंबईचे बदलते हवामान’ असं नाव मिरवणाऱ्या प्रकल्पापेक्षा जास्त विश्वासार्ह असतो.

गावाकडच्या विद्यार्थ्याला वेधशाळा जवळ नसते, त्यानं हिरमुसायचं कारण नाही. तालुक्याच्या जागी पर्जन्यमापक असतं आणि राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळांचा पाऊसही पाहता येतो. तिथे अर्ज करतानाही तेच चार प्रश्न आधी सोडवायचे: कुठलं ठिकाण, कुठला घटक, कुठून कुठपर्यंत, दिवसाची वेळ कोणती.

एक व्यवहाराची सूचना. चालू वर्षाच्या नोंदी तपासून साठ्यात जाईपर्यंत वेळ लागतो, म्हणून मागणी दोन-तीन वर्षं आधीच्या वर्षावर थांबवावी. बोनाफाइड, प्राचार्यांची सही, अर्जाची तपासणी आणि फाइल आल्यावर गायब दिवसांचा हिशेब या सगळ्याला मिळून आठवडे जातात. मार्चमध्ये प्रकल्प सादर करायचा असेल, तर हे पत्र गणपतीच्या सुट्टीआधी रवाना करा.